शिष्यवृत्ती समारंभातलं तीन मिनिटांचं मनोगत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिष्यवृत्ती प्रदान समारंभाच्या पत्रिकेत धनादेश वाटपानंतर एक ओळ असते: ‘विद्यार्थी मनोगत’. त्या ओळीसाठी संस्थेतून फोन येतो आणि ‘तीन मिनिटं बोलायचं आहे, देणगीदारांचे आभार मानायचे आणि पुढे काय करणार ते सांगायचं’ एवढंच कळतं. असा फोन आलेल्यांसाठी हे पान आहे. ट्रस्ट, मंडळं, ज्ञातिसंस्था किंवा एखाद्या कुटुंबाने कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेली शिष्यवृत्ती, अशा समारंभांना धरून ते लिहिलं आहे.

तीन मिनिटं म्हणजे कागदावर किती?

साधारण २८० ते ३०० शब्द. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतो, त्यामुळे ‘शिष्यवृत्तीमुळे’, ‘देणगीदारांपर्यंत’ असे लांब शब्द होतात आणि स्टेजवर मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या पुढे सहसा कुणी जात नाही. इंटरनेटवर दिसणारा ‘मिनिटाला १३० ते १५०’ हा आकडा इंग्रजीचा आहे. तो धरून ४०० शब्द लिहिले, की भाषण चार मिनिटांवर जातं आणि सूत्रसंचालक खुर्चीतून अर्धवट उठलेला दिसायला लागतो.

आपला वेग मोजून घ्या. मजकूर उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून वाचा. मनातल्या मनात वाचलं की वेळ कमी भरतो. घरी दोन मिनिटं चाळीस सेकंद आले, की सभागृहात तीन होतील. उरलेले वीस सेकंद माइक सरळ करण्यात, टाळ्यांत आणि एखाद्या अडखळण्यात जातात.

हे भाषण नेमकं कुणाला ऐकवायचं?

व्यासपीठावरच्या पाहुण्यांना नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या साठी-सत्तरीच्या जोडप्याला, ज्यांनी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने रक्कम दिली आहे. त्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: आपले पैसे कुठे गेले आणि या मुलाचं किंवा मुलीचं पुढे काय होणार. या दोन्हींचं उत्तर नेमक्या शब्दांत मिळालं, की भाषण चांगलं झालं. ‘शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे’ हे त्यांनी तुमच्या जन्माच्या आधीपासून ऐकलेलं आहे.

आणखी एक गल्लत इथेच निस्तरू. मनोगत म्हणजे आभारप्रदर्शन नव्हे. आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी संस्थेचा कार्यकर्ता करतो. हॉलवाले, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, पत्रकार ही सगळी यादी त्याची. ती तुम्ही वाचलीत तर त्याला बोलायला काही उरत नाही आणि देणगीदाराचं नाव त्या गर्दीत हरवतं.

लिहायला बसण्याआधी संस्थेकडून काय विचारून घ्यायचं?

एक फोन पुरतो. कागद-पेन घेऊन पाच गोष्टी विचारा. शिष्यवृत्ती कुणाच्या नावाने आहे आणि त्या व्यक्तीने काय काम केलं? देणगी कोण देतं, आणि ते समारंभाला येणार आहेत का? त्यांचं नाव जाहीर घेतलेलं त्यांना चालतं का? मला मिळालेली नेमकी रक्कम किती? आणि मी एकट्यासाठी बोलायचं की सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. काही देणगीदार नाव न देण्याच्या अटीवरच पैसे देतात. त्यांचं नाव व्यासपीठावरून घेणं हा त्यांचा सन्मान होत नाही, शब्द मोडणं होतं. अशा वेळी ‘ज्यांनी नाव न सांगता ही मदत केली आहे’ एवढंच म्हणायचं. सभागृहात ते असतीलच तर त्यांना बरोबर कळतं.

नावाचा उच्चारही त्याच फोनवर म्हणून घ्या. आडनावातला ‘च’ चमच्यातला की चहातला, ‘ज’ जगातला की जन्मातला, हे लेखी मराठीत कळत नाही आणि माइकवर चुकलं की सगळ्या सभागृहाला कळतं. हयात माणसाच्या नावामागे ‘कै.’ लागणं ही तर याहून मोठी चूक. ती होते कारण बॅनरवर पती-पत्नी दोघांची नावं असतात आणि ‘कै.’ फक्त एकाच्याच मागे असतं.

सुरुवातीला ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणावंच लागतं का?

नाही. पण एकदम विषयात उडी मारली तर ज्येष्ठ मंडळींना ते उर्मट वाटतं, हेही खरं आहे. त्यामुळे सात-आठ सेकंदांचा मध्यममार्ग काढा: ‘अध्यक्ष महोदय, ट्रस्टचे विश्वस्त आणि समोर बसलेल्या सगळ्यांना नमस्कार.’ बस्स. व्यासपीठावर सात जण असतील आणि प्रत्येकाचं नाव, पद व ‘सन्माननीय’ घेतलं तर चाळीस सेकंद जातात. तीन मिनिटांतले चाळीस सेकंद म्हणजे भाषणाचा पाव हिस्सा. शिवाय एक नाव सुटतंच, आणि सुटलेलं नावच लोकांच्या लक्षात राहतं.

‘मी आज आपल्यासमोर दोन शब्द बोलणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत’ हे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं वाक्य आहे. ते तिथेच सोडून या.

आभार मानायचे तर ‘मला ऋणातच राहायला आवडेल’ का नको?

कारण त्या दिवशी तेच वाक्य तुमच्या आधीचा वक्ता म्हणणार आहे आणि आभारप्रदर्शन करणाराही. ‘आभार मानून मला तुमच्या ऋणातून मुक्त व्हायचं नाही’ हे मूळ वाक्य चांगलंच होतं. वापरून वापरून त्याची धार गेली. त्यात आणखी एक गोची आहे. देणगीदार आभार ऐकायलाच आलेले असतात आणि हे वाक्य म्हणतं, मी आभार मानणार नाही.

त्यापेक्षा आभाराला एक वस्तू जोडा. पैशांचं काय झालं ते सांगितलं, की आभार आपोआप मानले जातात. मग शेवटी ‘मी तुमची मनापासून आभारी आहे’ हे साधं वाक्यही जड वाटत नाही. हिशेब पै-पैचा नको, पण तीन आकडे असावेत: एकूण किती, सर्वांत मोठा खर्च कुठला, आणि एखादी छोटी वस्तू. लक्षात राहते ती छोटी वस्तूच.

पैसे आजच मिळणार असतील तर खोटा भूतकाळ वापरू नका. ‘हे पैसे ३० तारखेच्या आत भरायच्या परीक्षा फीला जाणार आहेत’ हे वाक्य तितकंच चालतं, किंबहुना त्यातली निकड ऐकणाऱ्यापर्यंत जास्त पोहोचते.

‘उपकार’ हा शब्द टाळलेला बरा. ‘आपण दाते, आम्ही याचक’ असा सूर तर नकोच. समोरच्या पिढीतल्या कित्येकांनी स्वतः वसतिगृहात राहून किंवा लोकांच्या मदतीवर शिक्षण केलेलं असतं, काहींच्या वडिलांनी वार लावून जेवून. त्या सुराने त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

घरची परिस्थिती किती सांगावी?

एक वाक्य, फार तर दोन. आणि तेही अडचण नेमकी काय होती ते कळावं एवढ्यापुरतं. ‘अत्यंत हलाखीची परिस्थिती’ यातून काहीच दिसत नाही. ‘कॉलेजची फी होती, हॉस्टेलची नव्हती’ यातून सगळं दिसतं.

आजारपण, घरातली भांडणं, वडिलांचं व्यसन, कर्जाचा आकडा हे अर्जात लिहिलेलं असेल, पण अर्ज समितीच्या चार जणांनी वाचलेला असतो. समारंभाला तीनशे लोक असतात, तुमच्या गावचे असतात आणि आता कुणीतरी व्हिडिओही करत असतं. तो व्हिडिओ घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर जाणारच आहे असं धरून लिहा. वडील तो भाचेजावयासमोर लावू शकतील का, ही कसोटी पुरेशी आहे.

संस्थेचे कार्यकर्ते कधी कधी म्हणतात, ‘परिस्थितीबद्दल थोडं बोल, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.’ त्यांचा हेतू पुढच्या वर्षीच्या देणग्यांचा असतो, वाईट नसतो. तरी किती सांगायचं हे तुम्हीच ठरवायचं. ‘हो, एक वाक्य घेतलंय’ म्हणायचं आणि एकच घ्यायचं.

पुढचा उद्देश कसा मांडायचा? ‘समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ यात काय वाईट?

वाईट नाही, रिकामं आहे. ‘काहीतरी’ या शब्दापाशी ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. उद्देश तीन टप्प्यांत बसवून पाहा: सगळ्यात जवळची पायरी कोणती (परीक्षा, नोंदणी, प्रवेश), त्यानंतर काम कुठे आणि कोणतं, आणि हेच काम का. तिसरा टप्पा पहिल्यांदा सांगितला तर ऐकायला सोपं जातं. आधी एक दृश्य, मग ‘मला ते काम करायचं आहे’, मग पायऱ्या.

वचन मात्र जपून द्या. ‘नोकरी लागल्यावर मी दहा मुलांचा खर्च उचलेन’ यावर टाळ्या पडतात, आणि पाच वर्षांनी गृहकर्जाचा हप्ता भरताना ते वाक्य टोचतं. ‘प्रयत्न करणार आहे’ म्हणण्यात कमीपणा नाही. तसंच, जे ठरलेलं नाही ते ठरलेलं म्हणून सांगू नका. यूपीएससी करायचं की एम.एस्सी. हे अजून घरीच ठरत असेल, तर चालू वर्षात काय पूर्ण करणार एवढंच सांगा.

एक पूर्ण नमुना मिळेल का?

खाली दिलेला नमुना काल्पनिक आहे. विद्यार्थिनी जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्ती मागच्या वर्षीपासून मिळते आहे, देणगीदार कुटुंब सभागृहात हजर आहे आणि ती सगळ्यांच्या वतीने बोलते आहे असं धरलं आहे. नावाच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

> अध्यक्ष महोदय, ट्रस्टचे विश्वस्त आणि समोर बसलेल्या सगळ्यांना नमस्कार.
>
> मी जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव अकोले तालुक्यात, कॉलेज नाशिकला. आज शिष्यवृत्ती मिळालेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीने बोलते आहे.
>
> गेल्या वर्षी माझ्याकडे कॉलेजची फी होती, हॉस्टेलची नव्हती. गावाहून एसटीने यायला अडीच तास लागतात आणि वॉर्डातली ड्युटी सकाळी आठला सुरू होते. म्हणजे हॉस्टेल नाही तर कॉलेजही नाही. तेव्हा कै. (नाव) यांच्या स्मरणार्थ असलेल्या शिष्यवृत्तीतून मला पंचवीस हजार रुपये मिळाले. अठरा हजार हॉस्टेलला गेले, चार हजार पुस्तकांना. उरलेल्या तीन हजारांत युनिफॉर्म, बूट आणि एक घड्याळ घेतलं. सेकंदकाट्याचं. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. ते घड्याळ आज माझ्या हातात आहे.
>
> (नाव) बाई चौतीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, असं मला ऑफिसमधून कळलं. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावाने दर वर्षी एका मुलीचं शिक्षण पुढे न्यायचं ठरवलं. काका, काकू, तुम्ही मला ओळखत नव्हता. हॉस्टेलची मुदत संपायच्या आधी पैसे मिळतील, एवढं मात्र तुम्ही पाहिलंत. मी तुमची मनापासून आभारी आहे.
>
> दुसऱ्या वर्षी माझी ड्युटी नवजात बाळांच्या कक्षात होती. तिथे एक बाळ होतं, एक किलो नऊशे ग्रॅमचं. सिस्टरांनी ते आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लागेल असं ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. याला कांगारू पद्धत म्हणतात. त्याला महागडं यंत्र लागत नाही. पण आईला ते शिकवणारं, तिच्या शेजारी बसणारं माणूस लागतं. मला ते माणूस व्हायचं आहे.
>
> यंदा परीक्षा पास झाले की नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी होईल. आधी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात काम मिळवायचा प्रयत्न करणार आहे, म्हणजे हात तयार होईल. मग आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात.
>
> माझं घड्याळ तसं इथल्या प्रत्येकाचं काही ना काही आहे. कुणाचा ड्रॉइंग बोर्ड, कुणाचा बसचा पास. चहाच्या वेळी त्यांना जरूर विचारा. धन्यवाद.

या नमुन्यात वेळ कसा वाटला आहे?

नमस्कार आणि ओळख यांना वीस सेकंद. पैशांच्या परिच्छेदाला पाऊण मिनिट, देणगीदारांच्या परिच्छेदाला अर्धं मिनिट. बाळाचं दृश्य आणि पुढच्या पायऱ्या मिळून जवळजवळ एक मिनिट, आणि शेवट पंधरा सेकंदांत. म्हणजे आभार आणि उद्देश जवळपास समसमान आहेत. एरवी उलटं होतं: दोन मिनिटं आभार, आणि घंटी वाजल्यावर उद्देश एका दमात.

घड्याळ दोनदा आलं आहे, मुद्दाम. पहिल्यांदा ते स्वतःच्या हिशेबात येतं, शेवटी ते बाकीच्या मुलांपर्यंत पोहोचतं. ‘सगळ्यांच्या वतीने’ बोलायचं असेल तेव्हा हा सांधा कुठेतरी घालावाच लागतो, नाहीतर बोलणं एकटीचंच होऊन बसतं. त्यासाठी आदल्या दिवशी दोन-तीन सहविद्यार्थ्यांना फोन करून ‘तुझे पैसे कशाला गेले?’ विचारावं लागतं. ड्रॉइंग बोर्ड आणि बसचा पास तिथून येतात, कल्पनेतून आणायचे नाहीत. कल्पनेतून आणले आणि चहाच्या वेळी देणगीदाराने खरंच विचारलं, की पंचाईत.

‘सेकंदकाट्याचं.’ आणि ‘नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो.’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवली आहेत. मध्ये एक श्वास घ्यायचा. तिथे मनगट वर करून घड्याळ दाखवायचा मोह होतो. तो आवरा, शब्द पुरतात. दाखवलं की तो शाळेतला एकपात्री प्रयोग वाटतो.

कांगारू पद्धतीचं नाव दृश्यानंतर आलं आहे. आधी नाव घेतलं असतं तर निम्मं सभागृह ‘कांगारू?’ असं मनात म्हणत राहिलं असतं आणि पुढचं वाक्य हुकलं असतं. तुमच्या विषयातला कुठलाही अवघड शब्द असाच, वस्तू दाखवून झाल्यावर आणा. इंजिनिअरिंगवाले याबाबतीत सर्वांत जास्त चुकतात. ‘मशीन लर्निंग बेस्ड प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स’ असं पहिल्याच मिनिटात म्हणतात आणि मग समोरचे पत्रिका वाचायला लागतात.

कार्यक्रम लांबला आणि ‘दोनच मिनिटं बोल’ असं सांगितलं तर?

हे होतंच. प्रास्ताविक वीस मिनिटं चालतं, पाहुणे उशिरा येतात आणि कात्री विद्यार्थी मनोगतावर पडते. म्हणून काय गाळायचं ते घरीच पेन्सिलीने कंसात ठेवून आणा. स्टेजवर उभं राहून गाळायला गेलात तर हमखास चुकीचं गाळलं जातं, किंवा तीन मिनिटांचा मजकूर दोन मिनिटांत पळवला जातो. तोही ऐकू येत नाही.

वरच्या नमुन्यात पहिल्यांदा हॉस्टेल आणि पुस्तकांचा हिशेब जाईल, घड्याळ राहील. मग एसटीचं आणि ड्युटीचं वाक्य. मग नोंदणीचं वाक्य. मग कांगारू पद्धतीचं नाव, दृश्य तसंच ठेवून. एवढ्यात वीस-पंचवीस सेकंद वाचतात. आणखी हवे असतील तर ओळखीतून गाव आणि कॉलेज काढा, सूत्रसंचालकाने ते बहुधा सांगितलेलं असतं. देणगीदारांच्या परिच्छेदाला हात लावायचा नाही.

पाठ करावं की वाचावं?

पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ. मधलं कागदावर बघत, पण मान वर करत. पूर्ण पाठ केलेल्या भाषणात एक शब्द हुकला की पुढची सगळी माळ तुटते, आणि आठवायला मुलं छताकडे बघतात.

ए-फोर कागद मधोमध कापून अर्ध्या आकाराचे घ्या. एकाच बाजूला, १८ पॉइंटच्या टाइपात किंवा मोठ्या अक्षरात लिहा. जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडा. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. रक्कम अक्षरांत लिहा, ‘२५,०००’ नाही तर ‘पंचवीस हजार’, कारण घाबरल्यावर आकडा वाचताना एक शून्य इकडेतिकडे होतं. पानांना क्रमांक द्या आणि स्टेपल करू नका, वाचून झालेलं पान बाजूला सरकवता आलं पाहिजे. कागद जरा जाड असावा. डोक्यावर पंखा असतो आणि झेरॉक्सचा पातळ कागद उडतो.

मोबाइलवरून वाचायचं असेल तर आपोआप स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. हे माहीत सगळ्यांना असतं आणि तरी दर समारंभात एकाचा तरी फोन भाषणात वाजतो. कागद बरा.

माइकचं काय करायचं?

तोंडापासून चार बोटं अंतर, आणि माइक ओठांच्या किंचित खाली. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांना फट्‌ असा आवाज येतो, आणि तुमच्या भाषणात ‘पुस्तक’, ‘फी’, ‘आभारी’ हे शब्द असणारच आहेत. आधी बोललेले पाहुणे उंच असतील तर माइकची मान वर वळलेली असते. ती दोन हातांनी सावकाश खाली घ्या. त्यात चार सेकंद गेले तरी बिघडत नाही. न वळवता टाचा उंचावून बोलणं मात्र तीन मिनिटं जमत नाही.

हातातला माइक असेल तर जाळीच्या गोळ्यावर मूठ येऊ देऊ नका, दांडा धरा. जाळी झाकली किंवा माइक घेऊन स्पीकरच्या पुढे गेलात की शिट्टी वाजते. आवाजच येत नसेल तर टकटक करू नका आणि ‘हॅलो, हॅलो’ही नको. थांबा, साउंडवाल्याकडे बघा, तो खूण करेल. मग पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करा, कारण मागच्या रांगांनी ते ऐकलेलंच नसतं.

बोलता बोलता रडू आलं तर?

कुठल्या वाक्याला येणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं. बहुधा ते आईचं किंवा वडिलांचं वाक्य असतं. ते लहान करा, भाषणाच्या शेवटाकडून मध्यावर आणा, आणि त्याच्या मागे लगेच एखादं कोरडं, माहितीचं वाक्य ठेवा: रक्कम, तारीख, कोर्सचं नाव. कोरडं वाक्य हातात असलं की आवाज पुन्हा जागेवर येतो. घरी तेवढंच वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा, सहाव्या-सातव्या वेळेनंतर घसा दाटणं कमी होतं.

तरीही आलंच, तर थांबा. मनात पाचपर्यंत मोजा, पाणी असेल तर एक घोट घ्या, कागदावरचं पुढचं वाक्य वाचा. ‘सॉरी’ म्हणू नका. लोक थांबतात, कुणी घड्याळ बघत नाही.

प्रमाण मराठीतच बोलावं का?

जी मराठी तुम्ही शिक्षकांशी बोलता, तीच बोला. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तर कुणाचं काही अडत नाही. अडतं ते मध्येच ‘सदरहू शिष्यवृत्तीद्वारे मला अर्थसाहाय्य प्राप्त झाले’ असं आलं की, कारण त्या वाक्यावर जीभही अडते आणि ते तुमचं वाटतही नाही. हॉस्टेल, फी, ड्युटी, लॅब हे शब्द तसेच राहू देत. देणगीदार परदेशी राहणारे किंवा अमराठी असतील तर आभाराचं एक वाक्य त्यांच्या भाषेत घ्या, पण ते उच्चारासकट तयार असेल तरच.

थोर व्यक्तीचं उदाहरण किंवा कवितेची ओळ घ्यावी का?

तीन मिनिटांत सहसा जागा नसते. घ्यायचंच तर एक, आणि ते नेमकं हवं. ‘बाबासाहेबांनाही शिष्यवृत्ती मिळाली होती’ हे ढोबळ झालं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि त्यासोबत बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता, असं म्हटलं की सभागृह कान टवकारतं. पण त्यानंतर लगेच ‘तसंच मीही...’ म्हणू नका. उदाहरण सांगून दुसऱ्या परिच्छेदावर जा, तुलना लोकांची लोक करतील किंवा करणार नाहीत.

देणगीदार म्हणजे कंपनी किंवा सरकार असेल तर?

कंपनीच्या शिष्यवृत्तीत समोर बसलेला अधिकारी स्वतःच्या खिशातून देत नसतो. त्याचे वैयक्तिक आभार फार लांबवू नका. त्याला वरिष्ठांना दाखवायला आकडा आणि परिणाम हवा असतो, तो द्या. ज्या कर्मचाऱ्याने तुमची कागदपत्रं पडताळताना चार वेळा फोन केले, त्याचं नाव घेतलंत तर ते जास्त खरं वाटेल. मात्र त्याला आधी विचारून.

महाडीबीटीवरून मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती ही पात्र विद्यार्थ्याचा हक्क आहे, तिथे कुणी दाता नाही. अशा कार्यक्रमात आभार मानायचे ते फॉर्म भरताना मदत करणाऱ्या शिक्षकांचे, कॉलेजच्या क्लार्कचे. मंत्र्यांचे किंवा आमदारांचे ‘यांच्यामुळेच मला मिळाली’ असे आभार मानायला कुणी सुचवलं, तर ‘योजनेमुळे मिळाली’ म्हणावं. खोटंही होत नाही, वादही होत नाही.

भाषण आधी कुणाला दाखवावं?

दोन जणांना. एक संस्थेतला, नावं आणि रकमा तपासायला. दुसरा असा, ज्याला तुमच्या विषयातलं काहीही कळत नाही. शेजारच्या आजी उत्तम. त्यांना वाचून दाखवा आणि ‘मी पुढे काय करणार आहे?’ एवढंच विचारा. त्यांना एका वाक्यात सांगता आलं नाही, तर उद्देशाचा परिच्छेद पुन्हा लिहा. मराठीच्या सरांना दाखवायला हरकत नाही, मात्र ते दोन सुविचार घालून परत देतील. ते सौजन्याने काढून टाका.

भाषण झाल्यावर?

कागद घेऊन खाली या, पोडियमवर विसरू नका. पुढच्या वक्त्याच्या कागदांत तो मिसळतो. चहाच्या वेळी देणगीदारांकडे स्वतः जा, ते येण्याची वाट पाहू नका. पाया पडायचं की नमस्कार करायचा हे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे. ते बहुतेक वेळा एकच विचारतात: ‘पुढच्या वर्षी निकाल कळवशील ना?’ तेव्हा फोन नंबर लिहून घ्यायला पेन जवळ ठेवा आणि निकाल लागला त्याच दिवशी कळवा, पास झालात तरी आणि विषय राहिला तरी.